न काढलेली तिकिटं

त्या कारखान्यात त्यांना सगळे फुंकरकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ते वाचायची वेळ फक्त पगारवाल्यावर येई. छपाईयंत्र कागद गिळत असो, कळफलकाचं बटण रुतून बसलेलं असो, वायर पिनेत नीट बसत नसो, काका आधी ती वस्तू उघडत, गाल फुगवत आणि फुंकर मारत. दहांतली चार कामं तेवढ्यावरच होत. उरलेल्या सहांना अक्कल लागे, आणि तीही त्यांच्याजवळ भरपूर होती. पण माणसांच्या लक्षात राहिली ती फुंकर.

पंप बनवणारा कारखाना होता. चारशे ऐंशी संगणक, आणि त्यांची दुखणी बघायला मदतकक्ष. मदतकक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक टेलिफोन आणि काका. पूर्वी हाताखाली एक जण होता, तो दुसरीकडे गेला आणि त्याची खुर्ची तेवढी राहिली. काका तिच्यावर डबा ठेवत.

आणि दुसऱ्या मजल्यावर बसे वाटणीबाई. हेही टोपणनावच. तिचं काम होतं वाटणी करणं. घरातल्या भावांची नव्हे, खात्यांची. संगणक, टेलिफोन, साफसफाई, गाड्या, रखवाली हे सगळं एकत्र चालायचं, आणि त्याचा खर्च दरमहा कोणाच्या खात्यावर किती टाकायचा ते ती ठरवायची. ठरवायची म्हणजे काय, दरपत्रक होतं. साफसफाई चौरस फुटाला इतकी, ईमेल पेटीला इतके, गाडी किलोमीटरला इतकी. पंचवीस तारखेला आकडे गोळा करायचे, सत्ताविसाला प्रत्येक खात्याला त्याचा कच्चा वाटा पाठवायचा, तीन दिवसांत हरकती ऐकायच्या आणि मग महिन्याला कुलूप लावायचं. कुलूप लागलं की आकडा त्या खात्याच्या बजेटमधून वजा. मग रडा नाहीतर हसा.

महिन्याचे सत्तावीस दिवस लोक तिला चहा पाजत, आणि उरलेले तीन दिवस तिला पाहून जिना बदलत. ती म्हणे, “मी काय माझ्या घरी नेतेय? तुम्ही खाल्लं त्याचीच वाटणी.” ती वाईट नव्हती. उलट तिला न्यायाचं वेड होतं, आणि सगळं रामायण त्या वेडापायीच घडलं.

तीन वर्षांपूर्वी हिशेबखात्याचे मोठे साहेब नवीन आले होते. त्यांनी तिला बोलावून विचारलं, “मॅडम, मदतकक्षाचा खर्च महिन्याला शहाण्णव हजार. वाटायचा कशावर? संगणकांवर वाटला तर दर संगणकाला दोनशे. सोपं आहे.”

तिथं तिनं “हो” म्हटलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण ती म्हणाली, “साहेब, त्यात अन्याय आहे. भांडारात संगणक कमी आणि तक्रारी जास्त. काही खाती तर काकांना वर्षात एकदाही बोलवत नाहीत. जो वापरेल त्यानं द्यावं. तक्रारीमागे संगणकावर नोंदीचं तिकीट काढायचं आणि तिकिटामागे पैसे. महिन्याला तीनशेवीस तक्रारी येतात, नोंदवहीत आहेत. म्हणजे तिकिटाला तीनशे.”

साहेब खूश झाले. म्हणाले, “असा विचार करणारी माणसं हवीत.” ती त्या दिवशी घरी जाताना पेढे घेऊन गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात तिचा आणि अवलक्षण दुसऱ्याच्या पदरात.

तिकिटं काढायला बाहेरच्या कंपनीची प्रणाली घेतली, पाच वर्षांच्या कराराने. पहिल्याच महिन्यात खातेप्रमुखांच्या बजेटवर तिकिटांचा आकडा दिसला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. विक्रीखात्याचे साहेब तर हुशार माणूस. त्यांनी भिंतीवर कागदच लावला: माझ्या परवानगीशिवाय कोणीही तिकीट काढू नये. बाकीच्यांनी तो कागद पाहिला आणि आपापल्या भिंती रंगवल्या.

आता तिकीट काढायचं नाही म्हणून यंत्रं बिघडायची थांबतात का? लोक काकांना जिन्यात गाठू लागले. “काका, सहज जाता जाता बघा ना.” “काका, दोन मिनिटांचं काम आहे, त्याला कशाला तिकीट?” आणि काका सहज जाता जाता बघत. दोन मिनिटांचं काम चाळीस मिनिटं करत. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या सासूचं पथ्य, सगळी विचारपूस करत फुंकर मारत आणि निघून जात. तिकीट नाही, नोंद नाही, सही नाही.

इकडे वाटणीबाईच्या तक्त्यात काय झालं? तीनशेवीस तिकिटांची झाली दोनशेचाळीस. खर्च तोच, शहाण्णव हजार. काकांचा पगार काही तिकिटांबरोबर आकसत नव्हता. दुसऱ्या वर्षी दर काढायचा म्हणजे खर्चाला तिकिटांनी भागायचं. झाला चारशे. चारशे झाल्यावर भिंतीवरचे कागद जाड झाले आणि तिकिटं एकशेसाठवर आली. तिसऱ्या वर्षी दर सहाशे. त्या वर्षी तर तिकिटं साठाच्याही खाली गेली. तिनं लावलेली चाळणी होती, आणि तिच्यातून काकाच गळत होते.

एकदा दुपारी ती जिन्याखाली उतरली. काका डबा संपवून हात पुसत होते.

“काका, आज किती कामं केलीत?”

“मोजतो कोण? सकाळपासून बूड टेकलं नाही एवढं खरं.”

“माझ्याकडे आज दोन तिकिटं आहेत.”

“असतील की.”

“असतील की काय! काका, साहेबांना दिसतं ते तिकीट. तुम्ही दिसत नाही. तिकीट नसेल तर हात लावू नका कोणाच्या यंत्राला.”

काका हसले. “बाई, ती टंकलेखनवाली पोर रडवेली होऊन उभी होती. तिचं दोन दिवसांचं काम अडकलं होतं. तिला म्हणू, आधी सहाशे दे? तिचे साहेब तिलाच झापतील.”

“आणि तुम्हाला काढलं तर?”

“मला कोण काढतंय? सगळ्यांची नाडी माझ्या हातात आहे.” मग म्हणाले, “शिवाय पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आपल्या कारखान्याच्या आरोग्य योजनेत. तेवढं झालं की मग काढा नाहीतर ठेवा.”

हे त्यांनी चेष्टेत म्हटलं. काकू तिसऱ्या मजल्यावर राहत, आणि दोन वर्षं त्या खाली उतरल्या नव्हत्या. कठडा धरून दर पायरीला थांबत थांबत उतरायला पाऊण तास, आणि चढायचं तर नावच नको. काका रोज संध्याकाळी घरी जाऊन त्यांना खिडकीत बसवत आणि खालच्या रस्त्यावर कोण गेलं, कोण आलं ते सांगत. सांगायची गरज नव्हती, काकूंना दिसत होतं. पण तशी रीत पडली होती.

ऑपरेशनला दोन लाख साठ हजार लागणार होते. योजनेतून सगळे मिळणार, फक्त काका त्या दिवशी नोकरीवर हवेत.

आणि त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी वाटणीबाईला एक कागद दाखवला. बाहेरची एक कंपनी तिकिटाला सातशे म्हणत होती. जेवढी तिकिटं तेवढे पैसे, कमीत कमीची अट नाही.

“आपलं तिकीट किती पडतं?” साहेबांनी विचारलं.

“दर सहाशे आहे, साहेब.”

“दर नको. पडतं किती?”

तिनं तक्ता पुढे सरकवला. उत्तर तिच्याच तक्त्याच्या खालच्या ओळीत होतं. सत्तावन्न तिकिटांचे वसूल होतात चौतीस हजार दोनशे. उरलेला सगळा खर्च साहेबांच्या स्वतःच्या खात्यावर लाल तूट होऊन बसायचा. शहाण्णव हजाराला सत्तावन्नने भागलं की सोळाशे चौऱ्याऐंशी.

“सोळाशे चौऱ्याऐंशी आणि सातशे,” साहेब म्हणाले. “मी काय करू सांगा. माझ्याही डोक्यावर कोणीतरी आहे.”

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. शिव्या घालायला एक माणूस मिळाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, “साहेब, काम सत्तावन्नाचं नाही. मला हा महिना द्या. मी मोजून दाखवते.”

साहेबांनी महिना दिला. ती धावत जिन्याखाली गेली, काकांच्या खिशात एक छोटी वही कोंबली आणि म्हणाली, “प्रत्येक काम लिहायचं. तारीख, वेळ, खातं, यंत्र. शपथ आहे तुम्हाला.” काकांना शपथ आवडली नाही, पण त्यांनी लिहिलं. महिनाभर लिहिलं. वळणदार अक्षरात: विक्री, तिसरी खिडकी, पडदा काळा. भांडार, वजनकाट्याची तार. दवाखाना, सिस्टरांचं छपाईयंत्र, फुंकर.

महिनाअखेरीस तिनं मोजलं. दोनशे चौऱ्याऐंशी. त्यांतली तिकीट काढलेली पुन्हा सत्तावन्नच, न काढलेली दोनशे सत्तावीस.

तिला रडू आलं, आणि आनंदही झाला. शहाण्णव हजाराला दोनशे चौऱ्याऐंशीने भागलं तर एका कामाचे पडतात तीनशे अडतीस. आणि तेवढीच कामं बाहेरच्या कंपनीकडून करून घेतली तर महिन्याला दोन लाखांच्या घरात. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिनं वही साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी पानं उलटली, बराच वेळ. मग म्हणाले, “मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण काकांनी स्वतः लिहिलेली वही मी वर कशी दाखवू? नियम तुम्हीच केलाय. वापरणाऱ्या खात्यानं मान्य केलं तर ते तिकीट.” मग थोडे मऊ झाले. “एक करतो. ही दोनशे सत्तावीस तिकिटं मागच्या तारखेनं उघडा. खात्यांना मान्यतेसाठी पाठवा. तीन कामाचे दिवस. जेवढी मान्य होतील तेवढी धरू.”

तिनं एकटीनं बसून दोनशे सत्तावीस तिकिटं उघडली आणि पाठवली. प्रत्येक मान्यतेला सहाशे लागणार होते, ते मान्य करणाऱ्याच्या बजेटमधून.

विक्रीखात्याची त्र्याहत्तर होती. ती सगळी एका झटक्यात परत आली. शेऱ्यात लिहिलं होतं: अशी कोणतीही मदत घेतलेली नाही.

ती तडक विक्रीच्या साहेबांकडे गेली. त्यांच्या टेबलाजवळचं छपाईयंत्र खडखडत होतं. परवाच काकांनी ते उघडून बसवलं होतं, वहीत लिहिलेलं होतं.

“हे कोणी दुरुस्त केलं, साहेब?”

“हे? काकांनी. देवमाणूस.”

“मग मान्य करा ना.”

“अहो, त्र्याहत्तर गुणिले सहाशे. चव्वेचाळीस हजार होतात. माझा महिना बसेल. आणि मी तिकीट मागितलं होतं का? ते प्रेमानं आले. प्रेमाचे पैसे मागतात का कोणी?”

“त्यांची नोकरी जाईल.”

“छे हो! त्यांच्याशिवाय चालणार आहे का कारखाना? इतर खाती करतील मान्य. एका माझ्यानं काय अडतंय?”

भांडारवाल्यांनी कानांवर हात ठेवले. खरेदीवाले म्हणाले, साहेब रजेवर आहेत. उत्पादनवाल्यांनी उत्तरच दिलं नाही, आणि उत्तर नाही म्हणजे नकार, हाही नियम तिचाच. ती टंकलेखनवाली पोर जिन्यात भेटली तर तिनं मान खाली घातली. पोरीचा दोष नव्हता, मान्यतेचं बटण तिच्याकडे नव्हतंच. गरज सरो वैद्य मरो. आणि इथं तर गरजही सरलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चार वाजता दवाखान्यातून मान्यता आली. एकोणीस तिकिटं, एकोणीसच्या एकोणीस.

दवाखाना म्हणजे फाटकाजवळच्या दोन खोल्या, दोन संगणक आणि एक सिस्टर. बोटं कापलेले कामगार, चक्कर आलेल्या बाया, सगळ्यांना तीच. खातं एवढंसं, पण दरपत्रकाच्या लेखी तेही खातंच. वाटणीबाईनं फोन केला.

“सिस्टर, अकरा हजार चारशे जातील तुमचे.”

“माहीत आहे. पण त्यांनी केलंय ना काम? केलंय तर नाही कसं म्हणू?” सिस्टर म्हणाली. “मी आधीपासून म्हणत होते, काका तिकीट काढते. तर म्हणायचे, तुमचं बजेट केवढं, त्यात औषधं आणा. बरं, तेवढ्यानं राहील ना त्यांची नोकरी?”

सत्तावन्न आणि एकोणीस, शहात्तर. शहाण्णव हजार भागिले शहात्तर, बाराशे त्रेसष्ट.

“बाराशे त्रेसष्टसुद्धा सातशेपेक्षा जास्तच आहे,” साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुम्ही प्रयत्न केलात.”

पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला काकांना पत्र मिळालं. दीड लाख भरपाई, आजपासून मोकळे. आरोग्य योजना त्याच दिवशी बंद. वीस तारखेला बारा दिवस कमी पडले. वाटणीबाईनं साहेबांकडे जाऊन ते बारा दिवस मागितले. साहेब म्हणाले, बाहेरच्या कंपनीशी करार आठ तारखेपासून झालाय, एका कामाचे दोन खर्च वर दाखवता येत नाहीत. ती म्हणाली, मग माझ्या पगारातून कापा. साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती स्वतःच उठून बाहेर आली.

काकांनी जाताना हवा मारायचा छोटा हातपंप, पेचकस, कापडाचा तुकडा असं सगळं पेटीत भरलं. विक्रीच्या साहेबांनी निरोपाला केक आणला. भाषणात म्हणाले की काका म्हणजे या कारखान्याचा श्वास. टाळ्या झाल्या. वाटणीबाई मागं उभी होती. तिला ती पुठ्ठ्याची थाळी विक्रीच्या साहेबांच्या तोंडावर फेकावीशी वाटली. तिनं केक खाल्ला.

रविवारी ती काकांच्या घरी गेली. तीन मजले चढताना तिच्याच गुडघ्यांनी कुरकुर केली. काकू खिडकीत होत्या. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही फार खटपट केलीत म्हणे. हे सांगत होते.”

तिनं सांगायचं ठरवलं होतं. तिकिटावर वाटा हे मीच सुचवलं, संगणकांवर वाटलं असतं तर आज काही बिघडलं नसतं, हे तोंडापर्यंत आलंही होतं. पण काका चहा घेऊन आले.

“ऑपरेशन जरा पुढे ढकललंय, एवढंच,” ते म्हणाले. “सिस्टरांनी मार्ग काढलाय. दवाखान्याच्या बजेटमध्ये मदतनिधी असतो. नोकरी सुटल्यावर तीन महिन्यांच्या आत अर्ज केला तर एक लाखापर्यंत देता येतो. पुढच्या तीन तारखेला समिती बसते. एक लाख ते, दीड लाख भरपाई. वरचे दहा हजार जमतील. नंतर खायचं काय तो प्रश्न वेगळा, पण ही खाली तरी उतरेल.”

काकू म्हणाल्या, “मी तर ठरवलंय, आधी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं. काही घ्यायचं नाही. नुसतं जायचं.”

वाटणीबाई हलक्या पावलांनी जिना उतरली. बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली होती.

सत्तावीस तारखेला वाटे पाठवायचे होते. त्या महिन्यात एक नवीन ओळ होती: मदतकक्ष बंद करण्याचा खर्च, चार लाख ऐंशी हजार. त्यांत काकांचे दीड लाख. बाकीचे तीन लाख तीस हजार तिकिटांच्या प्रणालीचे, करार मुदतीआधी मोडल्याचा दंड. नाकापेक्षा मोती जड. पण ते असो. हा खर्च वाटायचा कसा? दरपत्रकाच्या शेवटच्या पानावर नियम होता: एखादी सेवा बंद झाल्यास तिचा खर्च शेवटच्या पूर्ण महिन्यातील मान्य वापराच्या प्रमाणात वाटावा.

तिनं आकडे भरले. शेवटचा पूर्ण महिना म्हणजे वहीचाच महिना. मान्य तिकिटं शहात्तर. तक्त्यानं वाटे काढले.

विक्री, दोनशे संगणक, चार तिकिटं: पंचवीस हजार दोनशे त्रेसष्ट.

दवाखाना, दोन संगणक, एकोणीस तिकिटं: एक लाख वीस हजार.

तिनं पुन्हा भागलं. कागदावर, पेन्सिलीनं, शाळेतल्यासारखं. शहात्तरांत एकोणीस म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. ज्यांनी नाकारलं ते सुटले, जिनं खरं सांगितलं तिच्या गळ्यात चौथाई. चोर सोडून संन्याशाला फाशी. दवाखान्याच्या बजेटमध्ये वर्षअखेरपर्यंतचे एक लाख एकतीस हजार उरले होते, मदतनिधी त्यातच. वजा एक लाख वीस हजार. उरतात अकरा हजार.

ती साहेबांकडे गेली. “साहेब, हा एक खर्च संगणकांवर वाटू. दर संगणकाला हजार. दवाखान्याला दोन हजार बसतील.”

“म्हणजे विक्रीला दोन लाख,” साहेब म्हणाले. “वर्षाच्या मध्ये वाटपाचा पाया बदलायला सगळ्या खातेप्रमुखांची संमती लागते. विचारा विक्रीला.”

तिनं विचारलं. विक्रीचे साहेब म्हणाले, “मॅडम, जो वापरेल त्यानं द्यावं, हे तुमचंच वाक्य ना? मला फार पटलेलं आहे ते.”

बाहेरच्या कंपनीचं पहिलं बिलही त्याच दिवशी आलं होतं. तीन आठवड्यांत एकशे एक्कावन्न तिकिटं, एक लाख पाच हजार सातशे. काकांच्या महिन्याच्या खर्चापेक्षा जास्त. तिनं ते साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, “बसेल हळूहळू.”

हरकतींच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, सिस्टर स्वतः दुसऱ्या मजल्यावर आली. पांढरा कोट तसाच, हातात वाट्याचा कागद.

“बाई, हे चुकलंय ना?”

“नाही, सिस्टर. बरोबर आहे.”

“मग समितीपुढे मी काय ठेवू? बजेटमध्ये पैसे नसतील तर संगणक मंजुरीच घेत नाही.” तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. “मी मान्य केलं नसतं, तर?”

“तर तुमचा वाटा शून्य आला असता.”

“आणि काकूंचे एक लाख राहिले असते.”

“हो.”

सिस्टरनं वाट्याचा कागद टेबलावर सरळ केला. मग म्हणाली, “हरकत घेते मी. कशी घ्यायची?”

वाटणीबाईनं पडदा तिच्याकडे वळवला. हरकतीसाठी कारण निवडावं लागे. तिथं तीनच कारणं होती: तिकिटांची संख्या चुकीची, दर चुकीचा, खातं चुकीचं. चौथी जागा नव्हती. तीन वर्षांपूर्वी ती यादी करताना वाटणीबाईनं मुद्दामच ठेवली नव्हती, कारण मग लोक काय वाटेल ते रडगाणं लिहितात.

“संख्या?” सिस्टरनं विचारलं.

“एकोणीस. बरोबर आहे.”

“दर?”

“बरोबर आहे.”

“खातं माझंच आहे,” सिस्टर म्हणाली. तिनं कागदाची घडी केली. “यापुढे मी काही लिहिणार नाही, बाई. कोणी काही विचारलं तर नाही म्हणेन.” आणि ती गेली. खाली कोणाचं तरी बोट कापलं होतं.

कुलूप पाच वाजता लावायचं. पावणेपाचला वाटणीबाईनं शेवटचं बटण दाबलं आणि पडदा गोठला. चक्र फिरत राहिलं. तिला वाटलं, राहू दे. असाच राहू दे, उद्यापर्यंत, परवापर्यंत, तीन तारखेच्या समितीपर्यंत. पण साहेब दारात येऊन उभे होते.

“झालं?”

“अडकलंय.”

“तिकीट काढा ना मग.”

तिनं शेजारच्या संगणकावरून काढलं. उत्तर आलं: चार कामाच्या तासांत संपर्क साधू. साहेबांनी घड्याळ पाहिलं. “पाचला वरून फोन येईल, मॅडम. काहीतरी करा.” आणि मग, खाली बघत, अगदी हळू, “काकांना विचारून बघा.”

तिनं विचारायला नको होतं. पण साहेब हटले नाहीत आणि बोटांना नंबर पाठ होता. एका घंटेतच फोन उचलला गेला.

“बोला बाई! कुठे अडलं?”

तिनं सांगितलं. काय बंद करतेय ते सांगितलं नाही. काका म्हणाले, “घाबरू नका. मागची तार काढा. काढलीत? आता पिनेवर एक फुंकर मारा. हसू नका, मारा. लावा परत. वीस आकडे मोजा.” त्यांच्या मागं काकूंचा आवाज आला, कोणाचा फोन म्हणून. “आपल्या बाईंचा गं,” काका म्हणाले. “ही विचारतेय, समिती तीनलाच आहे ना?”

तिनं वीस आकडे मोजले. चक्र थांबलं, पडदा उघडला आणि त्यावर हिरवी ओळ आली: महिना बंद झाला.

“झालं का?” काकांनी विचारलं.

“झालं,” ती म्हणाली.

“बघा! उगाच त्या नव्या लोकांचं तिकीट काढलं असतंत, सातशे गेले असते.” काका हसले. “आणि माझंही काढू नका हं. आपलं घरचंच आहे.”